टायटॅनियमचा सोनेरी दोनदा का येतो?

प्रश्न: घरी टायटॅनियमच्या पट्टीवर ॲनोडायझिंग करून बघतोय. 15 व्होल्टला सोनेरी आला, पुढे निळा, आणि 60 ला परत सोनेरी! रंग तर कुठलाच टाकलेला नाही. मग छटेवरून नक्की काय समजायचं? आणि हिरवा इतका मळकट का येतो?

उत्तर: छटेवरून एकच गोष्ट कळते, ती म्हणजे ऑक्साइडच्या थराची जाडी. ॲनोडायझिंगमध्ये द्रावणातून वीज सोडली की पट्टीवर चढणारा टायटॅनियम डायऑक्साइडचा हा थर पारदर्शक असतो. थोडा प्रकाश त्याच्या वरच्या पृष्ठभागावरून परततो, थोडा आत शिरून खालच्या धातूवर आपटून परततो. दोन्ही लाटा परत भेटतात तेव्हा काही तरंगलांबी एकमेकींना मारतात, काही वाढवतात. शाळेत शिकलेलं व्यतिकरण ते हेच. जो रंग मेला, तो वगळून उरलेला आपल्याला दिसतो.

आता तुमचे आकडे घेऊ. थर व्होल्टमागे साधारण 2 ते 2.2 नॅनोमीटर वाढतो आणि त्याचा अपवर्तनांक 2.4 च्या आसपास असतो. 28 व्होल्टला जाडी सुमारे 60 नॅनोमीटर. आत जाऊन परत येणं धरलं तर 60 × 2 × 2.4, म्हणजे 288. तरंगलांबीच्या निम्म्याइतका फरक पडला की ती मरते. इथे मरते 576 नॅनोमीटरची, म्हणजे पिवळी. उरतो निळा.

50 च्या सुमारास पट्टी फिकट, जवळजवळ चांदीसारखी दिसली असेल. थर तेव्हा 100 नॅनोमीटरच्या जवळपास असतो आणि मरणाऱ्या तरंगलांबी 960 आणि 320 येतात. एक अवरक्त, दुसरी अतिनील. डोळ्याला दिसणारं काहीच मरत नाही, म्हणून रंगच नाही.

60 व्होल्टला, सुमारे 130 नॅनोमीटरवर, दुसरी फेरी सुरू होते. आता दीडपट तरंगलांबीचा फरक लागू पडतो आणि 416 ची, म्हणजे जांभळ्या-निळ्या टोकाची, मरते. म्हणून पुन्हा सोनेरी. पहिला सोनेरी काळपट, ब्राँझकडे झुकणारा असतो, कारण पहिल्या फेरीत मरणारा पट्टा रुंद असतो. दुसरा उजळ. तरीही शंका आली तर चार-पाच व्होल्ट वाढवून बघा. जांभळ्याकडे, मग निळ्याकडे गेला तर पहिला. गुलाबीकडे वळला तर दुसरा.

हिरव्याचं दुखणं याच हिशेबात आहे. तो 100 व्होल्टच्या आसपास येतो, सुमारे 210 नॅनोमीटरवर. त्यासाठी तांबडं टोक (672) आणि जांभळं टोक (403) एकाच वेळी मरावं लागतं. थर जागोजागी थोडा कमी-जास्त असला की शेजारचे रंग मिसळतात आणि हिरवा गढूळ होतो. पॉलिश पेपरने घासलेल्या पृष्ठभागावर हे हमखास होतं. उपाय म्हणजे आधी ॲसिडने एचिंग, म्हणजे पृष्ठभाग थोडासा खाऊन एकसारखा करणं. पण टायटॅनियमवर चालणारं एचिंग हायड्रोफ्लोरिक ॲसिडचं किंवा अमोनियम बायफ्लोराइडचं असतं. फ्लोराइड कातडीतून आत शिरतं आणि वेदना उशिरा सुरू होतात. हे काम घरच्या मोरीत करू नका, ज्यांच्याकडे सोय आहे त्यांच्याकडून करून घ्या. तांबडा मात्र एचिंग करूनही मिळणार नाही. बाकी सगळं एकदम मारेल अशी जाडीच नाही.

बाकी गडबडी साध्या असतात. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात 30 ते 50 ग्रॅम ट्रायसोडियम फॉस्फेट पुरतं. पट्टी धन टोकाला, स्टीलची पट्टी ऋण टोकाला. पट्टी धरणारी तार टायटॅनियमचीच हवी. तांब्याचा चिमटा द्रावणात बुडला तर करंट तिकडूनच जातो, तो विरघळतो आणि रंग पुढे सरकत नाही. थर वाढला की करंट आपोआप खाली येतो. तो जवळपास शून्याला टेकला की त्या व्होल्टचा रंग पूर्ण झाला, जास्त वेळ ठेवून काही वाढणार नाही. व्होल्ट कमी करून रंग मागे येत नाही. म्हणून दोन रंगांची नक्षी करायची तर कमी व्होल्टचा भाग टेपने झाकून जास्त व्होल्टचा आधी, मग टेप काढून कमी व्होल्टचा. आणि 60-100 व्होल्ट डीसी म्हणजे खेळ नाही: सप्लाय बंद केल्याशिवाय द्रावणात हात घालायचा नाही.

रंग बोटाच्या डागाखाली बदललेला दिसला तर घाबरू नका. तेलाचा थर वर बसला की परावर्तन बदलतं. स्पिरिटने पुसा, रंग परत येतो.

छटेवरून ताकद किंवा ग्रेड मात्र ठरवू नका. हाडांच्या स्क्रूंना साइज ओळखायला असेच रंग देतात, पण कुठला रंग कुठली साइज हे ज्या त्या कंपनीचं. वेल्डिंगच्या सांध्यावरचा निळा मात्र वेगळं बोलतो. तो थर उष्णतेने बनलेला असतो. गरम धातूपर्यंत हवा पोचली, आर्गॉन वायूचं संरक्षण कमी पडलं, हा त्याचा अर्थ. तिथे चंदेरी किंवा फिकट पिवळा चालतो. निळा, राखाडी किंवा पांढरी भुकटी दिसली तर ऑक्सिजन धातूतही शिरून तो ठिसूळ झाल्याची शक्यता असते. तो रंग ब्रशने घासून काढला तरी आतला ऑक्सिजन निघत नाही.