गावी आले की ‘E’ : मोबाइल डेटाविषयी वाचकांचे प्रश्न

मुंबईत ४जी चालते. राजापूरजवळच्या गावी आलो की कोपऱ्यात E दिसते आणि साधा फोटोही जात नाही. फोन बिघडला का?

E म्हणजे एज, अर्थात २जीवरचा डेटा. दोष फोनचा, सिमचा की टॉवरचा, हे ठरवण्यासाठी त्याच कंपनीचे सिम असलेला आणि तुमच्याच अंगणात ४जी दाखवणारा एखादा फोन शोधा व तुमचे सिम काही मिनिटे त्यात घालून पाहा. तिथे ४जी आले, तर दोष तुमच्या फोनमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये आहे. त्या फोनमध्येही E च राहिले, तर सिम बहुधा ३जीच्या काळातले आहे आणि ते कंपनीच्या दुकानातून बदलून घ्यावे लागेल. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणून बँकेचे किंवा पीक विम्याचे ओटीपी लागणार असतील तो दिवस टाळा. मात्र आसपास कोणाच्याच फोनवर त्या कंपनीचे ४जी येत नसेल, तर फोनशी खटपट करण्यात अर्थ नाही.

तसे करून पाहिले. शेजाऱ्याच्या फोनमध्ये माझ्या बीएसएनएल सिमला ४जी येते, माझ्या फोनमध्ये नाही. तालुक्याच्या गावी मात्र माझ्याही फोनवर ४जी येते.

आधी सेटिंग पाहून घ्या. सॅमसंगमध्ये Settings > Connections > Mobile networks > Network mode येथे, तर इतर बऱ्याच अँड्रॉइड फोनांत सिमच्या पानावर Preferred network type येथे 2G किंवा 3G निवडलेले नाही ना, हे तपासा. दोन सिमच्या काही जुन्या फोनांत दुसऱ्या खाचेला ४जी मिळतच नाही, म्हणून सिम पहिल्या खाचेत घालूनही पाहा.

तरीही फरक पडला नाही, तर बँडचा संशय घ्यावा, कारण तालुक्याला ४जी आणि गावात नाही, ही त्याची नेहमीची खूण आहे. ४जी हे नाव एक असले, तरी ते वेगवेगळ्या लहरींवर चालते व त्या प्रत्येक पट्ट्याला क्रमांक असतो. बीएसएनएलचे ४जी मुख्यतः बँड 28 म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ आणि बँड 1 म्हणजे २१०० मेगाहर्ट्झ यांवर आहे. ७०० च्या लहरी लांबवर पोहोचतात, त्यामुळे टॉवरपासून दूरच्या वाडीपर्यंत अनेकदा तेवढ्याच येतात. तुमच्या फोनला बँड 1 कळतो पण 28 कळत नाही, असे असेल तर तालुक्याला तो खूश आणि गावात २जीवर अडकलेला, हे चित्र जुळते. फोनचा नेमका मॉडेल क्रमांक Settings > About phone मध्ये पाहून कंपनीच्या संकेतस्थळावर LTE bands ची, म्हणजे ४जीच्या बँडांची, यादी वाचा. केवळ नावावर विसंबू नका, कारण एकाच नावाचा फोन आखातात वेगळ्या बँडांसह विकला जातो आणि तिकडून भेट आलेल्या फोनांत ही गोची वारंवार आढळते. बँड नसेल, तर तो सेटिंगने किंवा अपडेटने येईल अशी आशा ठेवू नये. रेडिओचे सुटे भागच त्यासाठी लागतात.

फोनवर एक कोड टाकून ‘LTE only’ केले की ४जी कायमचे टिकते, असे सांगतात. करावे का?

तो कोड असा :

```
*#*#4636#*#*
```

काही कंपन्यांनी हा पडदा बंद केला आहे. तो उघडला तर तपासणीपुरता वापरा, कायमचा नव्हे. LTE only ठेवल्यावर फोन २जीकडे जातच नाही. त्यामुळे VoLTE, म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय, सुरू नसेल तर कॉल येणे-जाणे थांबते, आणि घरात आजारी माणूस असताना हे परवडत नाही. ‘सेवा नाही’ असे दिसले, तर त्या जागी फोनला वापरता येईल असे ४जी नाही, एवढे उत्तर मिळाले. लगेच पूर्वीच्या स्वयंचलित पर्यायावर परता.

कंपनीच्या नकाशात गाव ४जीच्या रंगात आहे. माडीवर ४जी येते, स्वयंपाकघरात E. नकाशा खोटा का?

खोटा नसेल, पण तो घराबाहेरचा अंदाज असतो. तुमचा चिरा आणि मागचा डोंगर त्याला दिसत नाही. शिवाय बोलणे दोन्ही बाजूंनी व्हावे लागते. ९०० मेगाहर्ट्झच्या २जीवर फोन क्षणापुरता २ वॅटपर्यंत जोर लावू शकतो, तर ४जीवर साधारण ०.२ वॅटच. म्हणून सीमेवरच्या जागी २जी तग धरते आणि ४जी सुटते.

त्याच कोडच्या पडद्यावर Phone information मध्ये ४जी जोडलेले असताना सिग्नलचा जोर सांगणारा RSRP हा उणे आकडा दिसतो. माडीवर -९५ च्या आसपास असेल तर डेटा नीट चालतो. -११५ च्या खाली गेले की फोन जुन्या नेटवर्ककडे कधीही घसरू शकतो. दोन्ही जागी आकडे वेगवेगळ्या वेळी लिहून ठेवा. माडीवरच जुना फोन हॉटस्पॉट म्हणून ठेवून खाली वायफाय घेणे, हा मला सर्वांत स्वस्त उपाय वाटतो. बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर मात्र परवानगीशिवाय लावू नका; ते बेकायदेशीर आहेत आणि शेजाऱ्यांच्या सिग्नलमध्ये अडथळा आणतात. माडीवरही आकडा वाईट असेल, तर 198 वर तक्रार करा, जागा व आकडे सांगा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या.