जमिनीखालच्या नळलाइनला जीआयऐवजी एचडीपीई पाइप का?

प्रश्न: आमच्या गावात नळयोजनेचं काम चालू आहे. जुनी लोखंडी जीआय लाइन सोडून काळा प्लास्टिकचा एचडीपीई पाइप पुरतायत. लोखंड प्लास्टिकपेक्षा मजबूत असताना असं का करतात? ठेकेदाराचे पैसे वाचावेत म्हणून का?

उत्तर:

एचडीपीईने पैसे वाचतात, हे खरं आहे. पण तुमच्या गावात फुकट जीआय मिळालं तरी जमिनीखाली पुरायला मी एचडीपीईच सांगेन. त्याचं कारण पाइपच्या सांध्यात आहे.

जीआयची नळी साधारण ६ मीटरची येते. दोन नळ्या जोडायच्या तर टोकांना आटे असतात, त्यावर सूत गुंडाळून सफेदा लावतात आणि सॉकेट आवळतात. गंजापासून वाचवणारा जस्ताचा थर आटे पाडताना नेमका तिथेच कापला जातो. शिवाय आट्यांच्या खोबणीत नळीची जाडीही कमी झालेली असते. म्हणजे दर ६ मीटरवर एक अशी जागा तयार होते, जिथे लोखंड उघडं आहे आणि पातळही आहे. जुनी लाइन उकरली की हे लगेच दिसतं. मधली नळी कधी कधी बरी निघते, पण सॉकेटपाशी तपकिरी गाठी धरलेल्या असतात. पान्याने जरा फिरवलं की नळी आट्यातूनच तुटून हातात येते.

त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षीच्या या हालचालीत ताठ लोखंडी लाइनीवर जो ताण येतो, तो सॉकेटवर येतो. दुसरी गोष्ट लोक सहसा लक्षात घेत नाहीत. एकच लाइन थोडी मुरमातून आणि थोडी ओल्या काळ्या मातीतून जाते. मुरमात हवा खेळती असते, चिकट मातीत नसते. अशा वेळी हवा कमी मिळणारा तुकडा झपाट्याने खाल्ला जातो, कारण दोन तुकड्यांत बॅटरीसारखा विद्युतप्रवाह सुरू होतो. म्हणून एकाच दिवशी पुरलेल्या लाइनीचा एक भाग वर्षानुवर्षं टिकतो आणि शंभर पावलांवरचा भाग चाळणी होतो. एचडीपीई धातूच नाही, त्यामुळे हा प्रकार तिथे घडतच नाही.

सांधा गळला तर थोडं पाणी वाया जाईल, एवढंच वाटतं. खरा धोका पाणी बंद झाल्यावर असतो. खेड्यात नळ तास-दोन तास येतो. व्हॉल्व्ह बंद केला की लाइनीतलं पाणी उताराच्या घरांकडे ओसरतं आणि वरच्या भागात पोकळी तयार होते. कुणी नळाला थेट मोटर लावली असेल तर पुरवठा चालू असतानाही तेच घडतं. ज्या फटीतून सकाळी पाणी बाहेर येत होतं, तिच्यातूनच आता बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. गावात लाइन कुठून जाते ते बघा. बहुतेक गल्ल्यांत ती गटारीला चिकटून असते, कधी गटारीखालून आडवी जाते. पावसाळ्यात एका गल्लीत जुलाब किंवा कावीळ आणि शेजारच्या गल्लीत काहीच नाही, असं दिसलं तर मी आधी त्या गल्लीतले सांधे उकरायला सांगतो.

हे ओळखायचं कसं? नळ आल्या आल्या पहिल्या दोन-चार बादल्या गढूळ किंवा वासाच्या आणि नंतर स्वच्छ, ही एक खूण. दुसरी खूण तुमच्या जलसुरक्षकाकडे मिळेल. त्याला शेवटच्या घरी क्लोरिन तपासणारी ओटी टेस्ट करायला सांगा. टाकीत टीसीएल म्हणजे क्लोरिनची पावडर नीट पडते, टाकीपाशी पिवळा रंग येतो, पण शेवटच्या घरी पाणी बिनरंगी राहतं, तर वाटेत काहीतरी क्लोरिन खातंय. आत शिरलेली घाण ते खाते. जुन्या जीआयमध्ये आतला गंजही खातो. पिण्याच्या पाण्यात नळापाशी निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरिन उरलं पाहिजे, असा दंडक आहे.

आता एचडीपीईकडे या. लहान व्यासाचा पाइप बंडलात येतो, ७५ मिमीचं बंडल १०० मीटरचं असू शकतं. सांधा आवळायचा नसतो, वितळवून एक करायचा असतो. दोन्ही टोकं यंत्रात धरून रंध्याने सपाट करतात, मधे साधारण २०० ते २२० अंशांची तापलेली तबकडी धरतात, कडा वितळून बारीक वळी आली की तबकडी काढून टोकं लगेच एकमेकांवर दाबतात आणि थंड होईपर्यंत तशीच दाबून ठेवतात. नीट केलेल्या सांध्याभोवती एकसारख्या दोन वळ्या दिसतात. असा सांधा पाइपइतकाच मजबूत असतो.

एक उदाहरण मांडून बघू. टाकीपासून ८०० मीटरवर ६० घरांची वाडी आहे, माणसं ३००. जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे १६,५०० लिटर. ते दोन तासांत द्यायचं तर सेकंदाला जवळपास २.३ लिटर पाणी वाहायला हवं. टाकीतली पाण्याची पातळी वाडीपेक्षा १५ मीटर उंच आहे, म्हणजे दाब १५ मीटर आहे असं धरा.

यासाठी ७५ मिमी एचडीपीई टाकला, तर ८०० मीटरमध्ये घर्षणाने साधारण ६ मीटर दाब जातो आणि वाडीत ९ मीटर उरतो. त्याच तोडीची अडीच इंची जीआय नवी असताना ७ मीटर खाते. ती आतून गंजली, खरखरीत झाली की १० मीटर खाते आणि वाडीत फक्त ५ मीटर उरतात. साध्या बैठ्या घरांसाठी निदान ७ मीटर दाब धरतात. म्हणजे जीआय घातलेल्या दिवशी योजना पास होते आणि काही वर्षांनी, एकही नळी न फुटता, वाडीतल्या नळाची धार करंगळीएवढी होते. मग लोक मोटर लावतात, आणि मोटर आली की वर सांगितलेली ओढ सुरू. एचडीपीई आतून गंजत नाही, त्यामुळे त्याचा गुळगुळीतपणा टिकतो.

सांधे मोजा. जीआयच्या ८०० मीटरला १३०च्या वर सॉकेट, शंभर मीटरच्या बंडलाच्या एचडीपीईला ७ सांधे. वजनही बघा. मध्यम जाडीची अडीच इंची जीआय ५ टनांच्या वर जाते, तर ६ किलो दाबाचा ७५ मिमी एचडीपीई पाऊण टनाच्या आसपास असतो. बंडल चार माणसं चरापाशी लोळवत नेतात. ठेकेदाराचा खर्च वाचतो तो इथे.

आता एचडीपीईच्या अडचणी. कामावर नजर ठेवायची असेल तर या माहीत हव्यात.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे यंत्र न आणता पाइपचं टोक जाळावर तापवून दुसऱ्यात घुसवणं. शेतातल्या लाइनीसाठी लोक हे सर्रास करतात, ते बघून गावच्या कामावरही करतात. असा सांधा जीआयच्या सॉकेटपेक्षा वाईट. वळी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला नसल्यासारखी दिसली, किंवा लवकर थंड व्हावा म्हणून सांध्यावर पाणी ओतताना कुणी दिसला, तर तो सांधा कापून परत करायला लावा.

दुसरं, हा पाइप उन्हाने बराच वाढतो. १०० मीटर लाइन २० अंशांनी थंड झाली तर साधारण ४० सेंटिमीटर आखडते. भर दुपारी तापलेला पाइप ताणून दोन्ही टोकांना जोडला, की रात्री तो आखडतो आणि व्हॉल्व्हपाशी सुटतो. म्हणून चरात तो थोडा नागमोडी टाकायचा आणि शेवटची जोडणी सकाळी करायची. चराच्या तळाशी १० सेंटिमीटर वाळू किंवा मऊ माती हवीच, कारण टोकदार दगड वर्षानुवर्षं एकाच जागी रुतून पाइपला भोक पाडतो. पाइपवर मातीचा थर ९० सेंटिमीटर ते १ मीटर ठेवतात.

आणि एचडीपीई सगळीकडे चालत नाही. नाल्यावरून उघड्यावर जाणारा तुकडा, जमिनीतून वर येणारा उभा पाइप, चर खणताच येत नाही असा कातळ, इथे आजही जीआयच घालतात. पेट्रोलपंपाजवळ किंवा डिझेल मुरलेल्या जमिनीतून एचडीपीई नेऊ नये. डिझेल-पेट्रोल या प्लास्टिकच्या भिंतीतून झिरपून पाण्यात येऊ शकतं.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे घरजोडणी. मुख्य लाइनीला ७ सांधे असले तरी घरांसाठी ६० भोकं पडणारच आहेत. तिथे पट्ट्यासारखं सॅडल बसवून त्यातून भोक पाडायचं असतं. काही ठिकाणी तापलेल्या सळईने भोक पाडून त्यात नळी खुपसतात आणि वर रबर गुंडाळतात. असं झालं तर एचडीपीई घातल्याचा निम्मा फायदा गेला. सॅडलपासून घरापर्यंतही गटार ओलांडताना जीआयचा तुकडा नको, निळा प्लास्टिकचा एमडीपीई पाइप सलग जाऊ दे. गटारीखाली सांधा येता कामा नये.

चर बुजवण्याआधी तीन गोष्टी स्वतः बघा. पाइपवर आयएसआय खूण, आयएस ४९८४ आणि दाबाचा वर्ग छापलेला असतो, तो अंदाजपत्रकाशी जुळवा. भंगार प्लास्टिकचा पाइप आतून खरखरीत असतो आणि कापताना जळकट वास येतो. दुसरं, दाबाची चाचणी. एचडीपीई दाबाखाली थोडा फुगतो, त्यामुळे सुरुवातीला गेजचा काटा गळती नसतानाही उतरतो. पाणी भरून दाब पुन्हा चढवायचा, थांबायचं, आणि त्यानंतरही काटा उतरत राहिला तरच सांधा शोधायचा. काही जण पहिल्या उतारालाच 'पाइप असाच असतो' म्हणून चाचणी उरकतात, तसं होऊ देऊ नका. तिसरं, हा पाइप लोखंड शोधणाऱ्या यंत्राला सापडत नाही. लाइनीवर फूटभर माती टाकून झाली की त्यावर इशाऱ्याची पट्टी किंवा तांब्याची तार टाकायला सांगा, आणि उघड्या चराचे फोटो कुणाच्या घरापासून किती फुटांवर अशा मापांसह ग्रामपंचायतीत ठेवा. पुढे रस्त्याच्या किंवा केबलच्या कामाला जेसीबी येईल, तेव्हा चालकाला दाखवायला तेवढंच हाताशी असेल.