एका बादलीत चौघींचे कपडे

«ताई, पुण्याच्या एका वसतिगृहात आम्ही चौघी एका खोलीत राहतो आणि मजल्यावरच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये एकत्र कपडे धुतो. गेल्या आठवड्यात रात्री एकाच बादलीत भिजत घातलेल्या कपड्यांत मैत्रिणीचा नवा मरून कुर्ता होता, आणि सकाळी माझा पांढरा ॲप्रन गुलाबी झाला. वाळत घालण्यावरूनही रोज कुरबुर होते. नियमांची चिठ्ठी दारामागे लावावी म्हणते, पण ती तिलाच उद्देशून आहे असे वाटेल का? काय लिहू?»

प्रिय मैत्रिणी,

चिठ्ठीत कोणाचे नाव घेऊ नकोस आणि गुलाबी ॲप्रनचा उल्लेखही करू नकोस. नियम कपड्याला लागू कर, म्हणजे तो चौघींना सारखाच लागू होतो. पहिले वाक्य असे लिही: «नवा रंगीत कपडा, मग तो कोणाचाही असो, रुमालाची परीक्षा झाल्याशिवाय एकत्र भिजवायचा नाही.» ही परीक्षा दोन मिनिटांची आहे. कपड्याची आतली शिवण कोमट साबणाच्या पाण्याने ओली करावी, तिच्यावर पांढरा सुती रुमाल मिनिटभर घट्ट दाबून धरावा, आणि रुमालाला रंग लागला तर तो कपडा पुढची तीन-चार धुणी वेगळ्या बादलीत धुऊन पुन्हा तपासावा. मरून, गडद निळा आणि काळा या सुती रंगांत धाग्याला न धरलेला जादा रंग बऱ्याचदा उरलेला असतो आणि तोच पाण्यात उतरतो. बांधणीचे किंवा निळीच्या रंगात रंगवलेले काही कपडे मात्र कितीही धुतले तरी रंग सोडतच राहतात, तेव्हा ते कायम वेगळेच ठेवावेत. मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात बुडवले की बाजारातल्या तयार कपड्याचा रंग पक्का होतो, या समजुतीवर विसंबून कोणी परीक्षा टाळू नये.

तुमच्याकडे खरे नुकसान रात्रभर भिजवण्याने झाले. ओले कपडे तासन्‌तास एकमेकांना चिकटून पडले की सुटलेल्या रंगाला शेजारच्या कपड्यात मुरायला भरपूर वेळ मिळतो. धुऊन झालेल्या कपड्यांचा पिळा ड्रायरमध्ये तसाच विसरला तरी हेच होते. म्हणून दुसरे वाक्य असे हवे: «एकत्र भिजवणे अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही, आणि मशीन थांबल्यावर जिची पाळी असेल तिने कपडे लगेच सुटे करावेत.» सेमी-ऑटोमॅटिकमध्ये साबणाचे तेच पाणी दोन-तीन घाण्यांना वापरण्याची आपल्याकडे रीत आहे. ती पाणी वाचवणारी आहे, मोडू नका. फक्त आधी पांढरे, मग फिके, शेवटी गडद हा क्रम चिठ्ठीत स्पष्ट लिही.

नाजूक कपड्यांसाठी एवढे पुरे: हुक लावून अंतर्वस्त्रे जाळीच्या पिशवीत घालावीत, नाहीतर तेच हुक दुसरीच्या चिकनकारीचे धागे ओढतात, रेशीम आणि लोकर मशीनमध्ये न टाकता सौम्य द्रव साबणाने हाताने धुऊन, न पिळता, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे.

वाळवण्याबद्दल मात्र मोकळेपणाने लिही, कारण इथे संकोच आड येतो. अंतर्वस्त्रे ओढणीखाली लपवून वाळत घालण्याची सवय अनेक वसतिगृहांत आहे. वरच्या कापडामुळे ती दिवसभर दमट राहतात, आणि दमट कपडा अंगावर चढवला की जांघेत बुरशीचा त्रास व्हायला निमित्त मिळते. खोली तुमची चौघींचीच आहे, तेव्हा «अंतर्वस्त्रे उघडी, खिडकीजवळच्या दोरीवर वाळतील आणि त्यावर कोणी काही बोलणार नाही» हे वाक्य चिठ्ठीत असलेच पाहिजे. पावसाळ्यात ड्रायर दोनदा फिरवावा, दोन कपड्यांत चार बोटे अंतर ठेवावे, पंखा लावावा आणि खिडकी थोडी उघडी ठेवावी. जीन्ससारखे जाड कपडे एका दिवशी एकीचेच धुवावेत, नाहीतर खोलीची हवाच इतकी ओली होते की कोणाचेच काही वाळत नाही. शिवण आणि कंबरपट्टी हाताला गार लागली तर कपडा अजून ओला आहे, त्याची घडी घालू नये. ऊन पडले की पांढरे कपडे उन्हात आणि रंगीत उलटे करून सावलीत.

चिठ्ठी लावण्याआधी कच्चा मसुदा चौघींनी मिळून वाचा आणि त्या मैत्रिणीला एखादे वाक्य बदलायला सांग. खाली चौघींच्या सह्या असू देत. परीक्षा न करता टाकलेल्या कपड्याने नुकसान केले तर डाग काढण्याचा खर्च त्या कपड्याच्या मालकिणीचा, हेही त्याच वेळी ठरवा.

तुझ्या ॲप्रनला अजून इस्त्री केली नसशील तर करू नकोस. ऑक्सिजन ब्लीचची पावडर पाकिटावरच्या प्रमाणात कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून ॲप्रन एकटाच काही तास भिजव, आणि गुलाबी छटा फिकी झाली पण गेली नाही तर ताज्या पाण्यात पुन्हा एकदा भिजव.

— तुझी ताई