नमुना न देता ‘माझ्या शैलीत लिहा’ म्हटलं तर?

प्रश्न: एका मुख्याध्यापकांना निवृत्त होणाऱ्या सरांच्या निरोप समारंभाचं भाषण लिहून द्यायचंय. ‘माझ्या स्टाईलनं लिहा, लांबवू नका’ एवढाच निरोप आहे, त्यांचं लिहिलेलं काहीच पाठवलं नाही. काय करू?

उत्तर: आधी नमुना मागा, आणि तोही लेखी नको. भाषण बोलायचं आहे, म्हणून दोन-तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज जास्त उपयोगी. ‘निवृत्त होणाऱ्या सरांची एक आठवण सांगा’ एवढंच विचारा. शैलीबद्दल विचारलंत तर ‘साधी, सोपी’ असं उत्तर येईल, त्यावरून एक ओळही लिहिता येत नाही.

ऐकताना पाहा: ते ‘तुम्ही’ म्हणतात की ‘आपण’, वाक्य कुठे तोडतात, इंग्रजी शब्द किती येतात, आठवण थेट प्रसंगापासून सुरू करतात की आधी प्रस्तावना करतात.

वेळच नसेल तर हातातला निरोप वापरा, पण बेतानं. ‘स्टाईलनं’वरून कळतं की बोलीतला अनुस्वार आणि रुळलेले इंग्रजी शब्द त्यांना चालतात, निदान मेसेजमध्ये तरी. विनोद करतात का, हळवे होतात का, हे त्यातून कळत नाही. तिथे अंदाजानं रंग भरू नका. एकाच लकबीवर भर दिला की भाषण नकलेसारखं वाटतं.

मग फक्त सुरुवातीचा परिच्छेद दोन तऱ्हांनी लिहून पाठवा, एक बोलीत आणि एक औपचारिक. सोबत विचारा, ‘यातलं कोणतं वाक्य तुम्ही कधीच म्हणणार नाही?’ खोडलेली वाक्यं हाच तुमचा नमुना.