बाबांचा आग्रह कुठून आला

अनेक आशीर्वाद.

बाबा आयटीचाच हट्ट धरून बसलेत आणि कारण विचारलं की चिडतात, असं तू लिहिलंस. ते आणि मी १९९२ मध्ये एकाच वर्गातून मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडलो. त्यांचा हट्ट कुठून आला, ते मी पाहिलं आहे.

आमच्या लहानपणी पोरगा नोकरीला लागला की लोक 'चिकटला' म्हणत. कारखान्याने किती माल काढायचा हे सरकारी परवान्यातच ठरलेलं असे. मागणी असूनही उत्पादन वाढत नसे, म्हणून जागाही निघत नसत. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायचा, तसंच एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालून कॉलची वाट बघायची. 'मिळेल ते धर आणि सोडू नकोस' हा आमच्या वडिलांचा सल्ला भित्रेपणाचा नव्हता, त्या काळचा तो चोख हिशेब होता.

२४ जुलै १९९१ ला नवं औद्योगिक धोरण आलं आणि १८ उद्योग सोडून बाकीच्यांची परवान्याची अट गेली. आम्हाला वाटलं, आता पिंपरी-चिंचवडला जागाच जागा! कामं निघाली, पण टेंपररी. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला नोकरकपातीविरुद्ध कायद्याचं संरक्षण मिळतं, म्हणून सात महिने झाले की ब्रेक. मी तीनदा ब्रेक घेतला. दर वेळी गेटपास परत देताना आईला काय सांगायचं, हाच विचार असायचा.

तुझ्या आजोबांनी १९९७ मध्ये पीएफमधून पैसे काढले आणि बाबांना कोबोल ही कॉम्प्युटरची जुनी भाषा शिकायला घातलं. तिच्यात लिहिलेल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले असत. २००० उजाडलं की कॉम्प्युटर ते १९०० समजेल, म्हणून ते सगळे प्रोग्रॅम तपासायला माणसं हवी होती. बाबा दीड वर्षात अमेरिकेला गेले. त्यांना निरोप देऊन आलो त्या रात्री आमच्या चाळीत घरोघरी एकच बोलणं होतं, धाकट्यालाही कॉम्प्युटरला घालायचं. वर्गातल्या शेतकऱ्यांच्या मुलांच्या घरी मात्र पीएफच नव्हता. त्यांच्यापर्यंत ते स्वप्न पोचलं, फी पोचली नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढचा भाग बाबा सहसा सांगत नाहीत. ते काम संपलं, २००१ मध्ये तिकडे मंदी आली आणि ते परतले. आठ महिने घरी होते. रोज सकाळी माझ्याकडे येऊन जावा या नव्या कॉम्प्युटर भाषेचं पुस्तक घेऊन बसायचे, मराठी माध्यमातलं आमचं इंग्रजी, म्हणून एकेक पान दोनदा वाचायचे.

तेव्हा आयटी की आणखी काही, हा वाद आत्ता घालू नकोस. एखाद्या रविवारी त्यांच्याजवळ बसून त्या आठ महिन्यांबद्दल विचार. कोबोलची मागणी संपत आल्याचं त्यांना पहिल्यांदा कधी जाणवलं, तेही विचार. तू जे शिकायचं म्हणतेस, त्याची मागणी कोणाकडून येते आणि किती दिवस टिकेल, यावर मग दोघं मिळून बोला.

तुझा काका