‘अटक मटक’मधली ‘मटक’

प्रश्न : “‘अटक मटक चवळी चटक’ यातल्या ‘मटक’चा अर्थ काय? शब्दकोशात या अर्थाचं काही सापडत नाही. आणि अर्थच नसेल, तर त्याला मराठी शब्द म्हणायचं का?”

‘मटक’ला स्वतःचा अर्थ नाही. तो ‘अटक’चा पडसाद आहे. तरीही तो पक्का मराठी शब्द आहे असं माझं मत आहे, आणि ते का, हे त्या गाण्यातूनच दाखवता येतं. माझ्या कानात बसलेलं गाणं असं आहे :

अटक मटक चवळी चटक
चवळी झाली गोड गोड
जिभेला आला फोड फोड
फोड काही फुटेना
घरचा पाहुणा उठेना

ठिकठिकाणी शब्द थोडे बदलतात. तोंडी चालत आलेल्या गाण्याचं तसं होणारच.

आधी अर्थ लावण्याचा मोह बाजूला करू. ‘अटक’ म्हणजे कैद. अटक हे सिंधूकाठच्या किल्ल्याचंही नाव आहे आणि 1758 साली मराठी फौजा तिथवर पोचल्या होत्या. म्हणून हे गाणं त्या मोहिमेचं, असं कुणी सहज सांगू शकेल. दुसरा कुणी म्हणेल की शेजारी चवळी आहे, तेव्हा ‘मटक’ म्हणजे मटकीच. ऐकायला दोन्ही छान वाटतं. पण ज्या शब्दाचा अर्थ गाण्याला लागतो, तो बदलला की पुढचं काहीतरी अडलं पाहिजे. इथे अटकेचा किल्ला पुढच्या चार ओळींत काहीच करत नाही. मटकीही पुन्हा येत नाही. उलट अर्थ तोच ठेवून आवाज बदलून पाहा. ‘कैद मटक चवळी आवड’ म्हटलं की गाणं जागच्या जागी मरतं. म्हणजे पहिल्या ओळीचा भार अर्थावर नाही, आवाजावर आहे. ‘चवळी’ आणि ‘चटक’ यांना अर्थ आहे, पण त्यांचीही निवड आवाजावरून झालेली दिसते. दोन्हींतला ‘च’ चाकातला आहे, चिमणीतला नाही. लिहिताना हा फरक दिसत नाही, पण मुलाचा कान तो पकडतो.

आता मुख्य गोष्ट. ‘अटक’च्या जोडीला ‘मटक’च का आली? ‘मटक अटक’ असं म्हणून पाहा. जीभ अडखळते, काहीतरी उलटं झालं असं वाटतं. या उलटेपणाचं कारण आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. अघळपघळ, अदलाबदल, अक्राळविक्राळ, अचकटविचकट, उलटसुलट, इडापिडा, ऐसपैस, आटापिटा, अळमटळम. यातल्या प्रत्येक जोडीत पहिला भाग स्वराने सुरू होतो आणि दुसऱ्याच्या तोंडाशी व्यंजन येऊन बसतं. ‘पघळअघळ’ किंवा ‘पैसऐस’ असं कुणी म्हणत नाही. मोकळं तोंड आधी, अडवलेलं तोंड नंतर, असा हा क्रम आहे.

पण व्यंजन कोणतं घ्यायचं? इथे मला मराठीचा एक सुंदर कल दिसतो. दोन्ही भाग व्यंजनाने सुरू होतात अशा जोड्या आठवा : खटपट, झटपट, लटपट, गडबड, लुडबुड, चुळबुळ, कुजबुज, गजबज, लगबग, तगमग, झगमग, डगमग, तळमळ. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला प, ब किंवा म आहे. ही सगळी ओठांवरची व्यंजनं. पहिल्या भागात जीभ कुठेही फिरून येते आणि दुसऱ्या भागाच्या उंबऱ्यावर ओठ मिटतात. ओठ मिटले की नवा भाग सुरू झाल्याचं कानाला स्पष्ट कळतं. शिवाय प, ब, म हे आवाज लहान मुलाच्या तोंडी फार लवकर येतात. नियम पोलादी नाही, ‘अळमटळम’मध्ये ‘ट’ आहेच, पण कल इतका ठळक आहे की अपवाद शोधावे लागतात. अडगुलं मडगुलं, चाऊ माऊ, अक्कड बक्कड : मुलांच्या गाण्यांतही तेच. आता कुणी मला नुसतं ‘अटक’ दिलं आणि याची जोडी लाव म्हटलं, तर मी ‘पटक’, ‘बटक’ किंवा ‘मटक’ यांपैकी काहीतरी म्हणेन. ‘मटक’ कुणा एकाच्या डोक्यातून निघालेली नाही, ती भाषेच्या घडणीतून निघाली आहे. व्याकरणात अशा जोडीला अंशाभ्यस्त शब्द म्हणतात.

शब्दकोशात नसलेला शब्द मराठी आहे का, याची आणखी एक कसोटी आहे. त्याला वाक्यात वापरून पाहायचं. ‘मला मटक लागला’ म्हणाल की ‘मला मटक लागली’? मला तरी ‘लागली’शिवाय दुसरं काही सुचत नाही. अटक स्त्रीलिंगी, चटक स्त्रीलिंगी, त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली मटकही स्त्रीलिंगी. पुढे जाऊन विभक्ती लावा. ‘अटकेत’सारखं ‘मटकेत’ तोंडात येतं, ‘फाटकात’सारखं ‘मटकात’ येत नाही. ज्या शब्दाला अर्थच नाही, त्याला लिंग आहे आणि सामान्यरूपही आहे. 1958 साली जीन बर्को या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याला ‘वग’ म्हणतात असं सांगायचं आणि मग दोन प्राणी दाखवून विचारायचं, आता हे काय आहेत? शब्द पूर्वी कधीही कानावर पडलेला नसताना मुलांनी त्याचं अनेकवचन बरोबर केलं. म्हणजे मुलं नुसते शब्द साठवत नव्हती, नियम काढत होती. निरर्थक शब्द इथे फार उपयोगी पडतो, कारण अर्थ बाजूला झाला की उरलेलं व्याकरण उघडं दिसतं. ‘मटक’ मराठी आहे की नाही या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे : ती मराठीसारखी वागते.

पण तुम्ही पहिल्या ओळीवर थांबलात, आणि खरी गंमत मला पुढे दिसते. पहिली ओळ कानाला सांगते की इथे आवाजाचं चालेल. त्यानंतर दुसऱ्या ओळीपासून तर्कही आवाजाच्या ताब्यात जातो. चवळी गोड झाली, म्हणून जिभेला फोड आला. हा ‘म्हणून’ गाण्यात कुठेही नाही, पण आपण तो ऐकतो. गोडाने फोड का यावा? केवळ ‘गोड’ला ‘फोड’ जुळतो म्हणून. इथे यमक कारणाच्या जागी बसलं आहे. ही चूक नाही, तो एक प्रयोग आहे. दोन वाक्यं एकामागोमाग आली की मन त्यांच्यात कारण शोधतं, हा आपला स्वभाव मूल इथे चाचपून पाहतं. आणि कारण खोटं आहे हे त्याला माहीत असतं, म्हणूनच ते हसतं. गोड आणि फोड यांचा खरा संबंध काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला या ओळीत हसण्यासारखं काही सापडणार नाही.

हे पटत नसेल तर एक सुधारलेली ओळ करून पाहू. ‘चवळी खाऊ रोज रोज, अंगी येईल ओज ओज’. यमक आहे, ताल आहे, सांगितलेलं खरंही आहे. पण खेळ गेला. इथे यमक खऱ्या कारणाच्या मागे शहाण्यासारखं चालतं, त्याची जागा घेत नाही. मोठ्यांनी मुलांसाठी मुद्दाम रचलेली बरीच गाणी इथेच फसतात. ती मुलांना पाठ होतात, पण मुलं ती आपणहून म्हणत नाहीत.

शेवटच्या दोन ओळींत तर मराठीचं एक खास रूप कामाला लागलं आहे. ‘फुटत नाही’ आणि ‘फुटेना’ यांत फरक आहे. ‘फुटत नाही’ ही नुसती माहिती झाली. ‘फुटेना’मध्ये वाट पाहणं आहे, प्रयत्न आहे, वैताग आहे. दार उघडेना, झोप येईना, पोर ऐकेना. व्हायला हवं ते होत नाही, आणि बोलणारा टेकीला आला आहे. फोडाबद्दल असं म्हणायला कुणाची हरकत नाही, फोड काही रागावत नाही. पण ‘फुटेना’ने जागा तयार केली आणि त्याच जागेवर ‘उठेना’ येऊन बसलं. आता पाहुणा फोडाच्या रांगेत आहे. दुखतो आहे, हटत नाही, आणि सगळे त्याच्या जाण्याची वाट पाहताहेत. पाहुण्याला फोड म्हटलेलं नाही. फक्त दोघांना एकच प्रत्यय दिला आहे, आणि म्हणायचं ते म्हणून झालं आहे.

घरातल्या मोठ्या माणसाला हे वाक्य पाहुण्यासमोर उच्चारता येत नाही. मुलाला येतं, कारण ते बोलत नाही, गाणं म्हणतं आहे. कुणी दटावलंच तर ‘गाण्यात तसंच आहे’ हे उत्तर तयार आहे, आणि ते खरं आहे. मोठ्यांनी आदरार्थी बहुवचन लावून ओळ सुधारायची ठरवली, तर ‘घरचे पाहुणे उठेनात’ असं म्हणावं लागेल. व्याकरण शुद्ध, शिष्टाचार शुद्ध, पण ‘फुटेना’शी यमक तुटलं. म्हणजे शिष्टाचार पाळायचा तर गाणं मोडावं लागतं. यमक इथे मुलाच्या बाजूने उभं राहतं. मुलाने आदर दाखवायला नकार दिलेला नाही, आदराला या ओळीत जागाच ठेवलेली नाही. वडीलधाऱ्यांच्या अधिकाराशी इतक्या बारीक ठिकाणी, एका क्रियापदाच्या वचनात, खेळता येतं याचं मला दरवेळी नवल वाटतं.

या ओळीचा ‘घरचे पाहुणे उठेना’ असाही पाठ म्हटला जातो. त्यात ‘पाहुणे’ अनेकवचनी आणि ‘उठेना’ एकवचनी, म्हणजे व्याकरणाने चूक. मला तो पाठ अधिक आवडतो. त्यात दोन्ही सत्ता एकाच ओळीत दिसतात : नामापर्यंत मोठ्यांचा आदर चालला, क्रियापदाला यमकाने ओढून नेलं. तुमच्याकडे तोच पाठ असेल तर तो ‘उठेनात’ करून दुरुस्त करू नका. आणि ‘मटक’ नोंदवायची असेल तर माझ्या मते नोंद एवढीच पुरे : मटक, स्त्री., ‘अटक’चा पडसाद, फक्त जोडीत येतो.