पीएचडीला अर्ज करताय? आधी गाईडची जागा बघा

पेटची, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षेची तयारी चालू ठेवा, पण गाईड शोधायला निकालाची वाट बघू नका. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार प्रोफेसरकडे एका वेळी 8, असोसिएटकडे 6 आणि असिस्टंटकडे 4 च विद्यार्थी असू शकतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर ते नवीन विद्यार्थी घेऊच शकत नाहीत. म्हणून नुसतं नाव बघून जाऊ नका, जागा आहे का ते सरळ विचारा, आणि त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना भेटून चॅप्टर वाचून किती दिवसांत परत देतात तेही विचारा, हे फार महत्त्वाचं आहे.

प्रपोजलमध्ये सगळ्यांची एकच चूक होते, विषय अवाढव्य. 'महाराष्ट्रातील कांदा उत्पादकांच्या समस्या' यावर मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, डेटा कुठून आणणार? त्यापेक्षा 'लासलगाव बाजारात विकणारे छोटे शेतकरी कांदा साठवायचा की लगेच विकायचा हे कशावरून ठरवतात' असं घ्या. मग बाजार समितीची आवक-भावाची आकडेवारी आणि शेतकऱ्यांच्या मुलाखती, पद्धत आपोआप ठरते.

आणि पेटमध्ये निम्मे प्रश्न रिसर्च मेथडॉलॉजीचे असतात, तिकडे दुर्लक्ष नको.